उकडलेलं अंडं सोलताना नेमकं काय चिकटतं?

उकडलेलं अंडं सोलायला घ्यावं, तर कधी टरफल दोन-तीन मोठ्या तुकड्यांत अलगद सुटतं आणि आतून गुळगुळीत अंडं बाहेर येतं. कधी मात्र टरफलाच्या प्रत्येक कपचीबरोबर पांढऱ्याचा लचका निघतो आणि शेवटी हातात खड्डे पडलेलं अंडं उरतं. ही दोन्ही अंडी एकाच भांड्यात, सारखाच वेळ उकडलेली असू शकतात. दोष टरफलाला दिला जातो, पण ते टणक असो की पातळ, त्याने फारसा फरक पडत नाही. सगळा खेळ टरफलाच्या आत असलेल्या एका पातळ पापुद्र्याचा आहे.

खरं तर हे पापुद्रे दोन असतात. बाहेरचा पापुद्रा टरफलाच्या आतल्या बाजूत घट्ट रुतलेला असतो, त्याचे धागे टरफलातच अडकलेले असतात. आतला पापुद्रा अंड्याच्या पांढऱ्याला लागून असतो. दोन्ही एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे आपल्याला एकच पापुद्रा दिसतो. ते वेगळे होतात ते फक्त अंड्याच्या रुंद टोकाला. कोंबडीच्या शरीराचं तापमान साधारण 41 अंश असतं. अंडं बाहेर आल्यावर थंड होतं, आतला ऐवज आकसतो आणि रुंद टोकाला दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची छोटी पोकळी तयार होते. ही पोकळी पुढे दोनदा कामाला येणार आहे, एकदा अंड्याचं वय ओळखताना आणि एकदा सोलायला सुरुवात करताना.

आता सोलताना काय होतं ते पाहू. आपण टरफल ओढतो, टरफलाबरोबर दोन्ही पापुद्रे ओढले जातात आणि आतल्या पापुद्र्याला चिकटलेलं पांढरंही ओढलं जातं. कुठेतरी काहीतरी सुटणं भाग आहे. पांढऱ्याची पापुद्र्यावरची पकड सैल असेल, तर पापुद्रा सुटतो आणि अंडं स्वच्छ सोललं जातं. पण पांढरं स्वतः जितकं घट्ट आहे त्यापेक्षा पापुद्र्याची पकड जास्त घट्ट असेल, तर पांढरंच फाटतं. म्हणजे अंडं नीट सोलायचं असेल तर दोनच गोष्टी करता येतात, पापुद्र्याची पकड सैल करायची किंवा पांढरं अधिक घट्ट करायचं. अंड्याचं वय पहिलं काम करतं. थंड पाणी थोडं पहिलं आणि बरंचसं दुसरं काम करतं.

आधी वयाचं. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्यामुळे ताजं पांढरं किंचित धुरकट, दुधाळ दिसतं. ताजं अंडं कच्चं फोडून पाहिलं तर हा धुरकटपणा डोळ्यांना दिसतो. तो खराबीचा नाही, ताजेपणाचा पुरावा आहे. टरफल बाहेरून सलग दिसत असलं तरी त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. उघड्या सोड्याच्या बाटलीतून वायू निघून जावा, तसा हा कार्बन डायऑक्साइड त्या छिद्रांतून हळूहळू बाहेर जातो. वायू गेला की पांढऱ्याची आम्लता घटते आणि ते अल्कधर्मी होत जातं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच साधारण 7.6 असतो. काही दिवसांनी तो 9 च्या पुढे जातो.

आकडा छोटा दिसतो, पण पीएचच्या मोजपट्टीवर एक अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. पीएच 8.7 च्या खाली असलेली अंडी उकडल्यावर वाईट सोलली जातात आणि त्याच्या वर गेलेली सहज सोलली जातात, असं अंड्यांवर काम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. कमी पीएचला पांढऱ्यातली प्रथिनं गरम होऊन घट्ट होताना आतल्या पापुद्र्याला धरून बसतात. ती पकड इतकी मजबूत असते, की पांढऱ्याचे कण एकमेकांनाही तितके घट्ट धरून नसतात. पीएच वाढला की ही पकड ढिली पडते. ताज्या अंड्याचं पांढरं का फाटतं, याचं उत्तर मुख्यतः इतकंच आहे.

म्हणून उकडून सोलायची अंडी घातल्यापासून आठवडा-दहा दिवसांची असलेली बरी. पण इथे दिवसांपेक्षा अंडी कशी ठेवली याला जास्त महत्त्व आहे. साध्या खोलीच्या तापमानाला वायू लवकर निघून जातो आणि दोन-तीन दिवसांतही मोठा फरक पडतो. फ्रिजमध्ये हीच क्रिया मंदावते, म्हणून फ्रिजमधल्या अंड्याला पूर्ण आठवडा किंवा थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. काही ठिकाणी अंडी टिकावीत म्हणून टरफलावर तेलाचा पातळ थर देतात. त्याने छिद्रं बुजतात आणि वायू आतच राहतो. अशी अंडी जुनी होऊनही सोलायला त्रास देऊ शकतात. तारीख जुनी असूनही अंडं चिकटलं, तर हे एक कारण असू शकतं.

तारीख माहीत नसेल तर हवेची पोकळी मदतीला येते. अंड्यातलं पाणीही छिद्रांतून वाफ होऊन जात असतं, त्यामुळे पोकळी दिवसेंदिवस मोठी होते. खोलगट भांड्यात पाणी घेऊन अंडं त्यात सोडा. अगदी ताजं अंडं तळाशी आडवं पडून राहतं. थोडं जुनं झालेलं तळाशीच राहतं, पण त्याचं रुंद टोक वर उचललं जातं. आणखी जुनं जवळजवळ उभं राहतं. उकडून सोलायला हे तिरकं किंवा उभं राहणारं अंडं चांगलं. पाण्यावर तरंगणारं अंडं फार जुनं असतं. तरंगतं म्हणजे ते सडलंच असं नाही, पण ते उकडण्याआधी वेगळ्या वाटीत फोडून वास घेतलेला बरा, आणि फोडल्यावर ते उकडायचं अंडं राहत नाहीच.

वयाइतकीच दुसरी गोष्ट अंडं गरम कसं केलं ही आहे, आणि ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. थंड पाण्यात अंडी ठेवून मग भांडं आचेवर चढवलं की पांढरं हळूहळू तापतं. पांढऱ्यातली काही प्रथिनं साठ अंशांच्या आसपासच बदलायला लागतात, तर सर्वांत जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन ऐंशीच्या घरात गेल्यावर घट्ट होतं. हा सगळा प्रवास सावकाश झाला तर पापुद्र्याला लागून असलेल्या थराला पापुद्र्याशी जुळवून घ्यायला भरपूर वेळ मिळतो. याउलट अंडं थेट उकळत्या पाण्यात सोडलं तर बाहेरचा थर झटकन घट्ट होतो, आकसतो आणि पापुद्र्यापासून थोडा बाजूला होतो. वाफेवर शिजवलेल्या अंड्याचंही असंच होतं, कारण वाफ त्याला सुरुवातीपासूनच जोरात तापवते. अंडी ताजीच असतील आणि थांबायला वेळ नसेल, तर गरम पाण्यापासून सुरुवात करणं हाच सर्वांत मोठा उपाय आहे.

यात एक अट आहे. उकळत्या पाण्याची उष्णता टिकली पाहिजे. थोड्याशा पाण्यात फ्रिजमधली डझनभर अंडी एकदम सोडली की उकळी बसते आणि ती परत यायला पाच-सात मिनिटं लागतात. तेव्हा आपण गरम पाण्यापासून सुरुवात केली असं वाटतं, पण अंड्याच्या दृष्टीने ते सावकाश तापणंच झालं. पाणी भरपूर घ्या किंवा अंडी थोडी घ्या.

आता थंड पाणी. उकडलेलं अंडं थंड पाण्यात टाकायला का सांगतात? अंडं शिजणं थांबतं, हे एक कारण आहेच. पण सोलण्याशी संबंधित दोन वेगळ्या गोष्टी तेव्हा घडतात. पहिली म्हणजे पांढरं आकसतं. पांढऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, आणि पाणी नव्वद अंशांवरून पाच अंशांवर आलं की त्याचं आकारमान साधारण साडेतीन टक्क्यांनी घटतं. मध्यम अंड्यात पांढरं पस्तीस मिलिलिटरच्या आसपास धरलं, तर त्यातलं एक मिलिलिटर आकारमान कमी होतं. टरफल त्या मानाने आकसतच नाही. म्हणजे आत पांढरं लहान होतं आणि बाहेरचा साचा तसाच राहतो. पकड आधीच ढिली असेल तर या ओढीने पांढरं पापुद्र्यापासून सुटायला मदत होते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. गरम असताना शिजलेलं पांढरं मऊ, नाजूक असतं. पूर्ण थंड झालं की ते घट्ट, लवचिक होतं. फाटण्याला तोंड देणारी ताकद त्याला तेव्हा येते. भाजेल म्हणून हाताने सोलता येत नाही इतक्या गरम अंड्याला थंड करणं, आणि पांढऱ्याला मजबूत होईपर्यंत थंड करणं, यात बराच फरक आहे. पहिल्याला मिनिटभर पुरतं, दुसऱ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कारण बाहेरचा थर थंड झाला तरी आतला बलक बराच वेळ उष्णता बाहेर देत राहतो.

एवढ्या वेळात नळाचं पाणी पुरतं का? हिशेब करून पाहू. सहा अंडी, प्रत्येकी साठ ग्रॅमची, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमपेक्षा थोडी जास्त. शिजल्यावर त्यांचं सरासरी तापमान नव्वदच्या जवळ. ती पंचवीस अंशांच्या एक लिटर पाण्यात घातली, तर सगळं मिळून चाळीस अंशांच्या जवळपास स्थिरावतं. म्हणजे आपण अंडी कोमट पाण्यात ठेवून बसलेलो असतो. ते पाणी ओतून पुन्हा तितकंच पंचवीस अंशांचं पाणी घेतलं, तर अंडी तीस अंशांच्या खाली येतात. म्हणून बर्फ नसेल तर पाणी निदान एकदा बदलायलाच हवं, दोनदा बदललं तर उत्तम. बर्फ असेल तर या सहा अंड्यांना पाच अंशांवर आणायला साधारण तीनशे ग्रॅम बर्फ वितळतो, तेव्हा ट्रेभर बर्फ आणि पाणी असं मिश्रण हवं. चार-पाच खडे टाकून उपयोग नाही, ते पहिल्याच मिनिटाला संपतात.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एकदा स्वतः करून पाहता येतं. सहा अंडी घ्या, तीन शक्य तितकी ताजी आणि तीन दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवलेली. ताज्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करा. मोठ्या भांड्यात दोन लिटर पाणी खळखळून उकळा, मग आच थोडी कमी करा म्हणजे अंडी एकमेकांवर आपटणार नाहीत. सहाही अंडी डावाने एकेक करून पाण्यात सोडा, वरून टाकू नका, तडा जातो. बारा मिनिटांनी सगळी बाहेर काढा. ताज्यांतलं एक आणि जुन्यांतलं एक बाजूला ताटात ठेवा, त्यांना थंड पाणी देऊ नका. उरलेली चार पंधरा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा.

आता ताटातली दोन्ही हाताला सोसतील इतकी निवली की लगेच सोला. ताज्याचं पांढरं बऱ्याचदा टरफलाबरोबर निघून येतं. जुनं सोललं जातं, पण पांढरं मऊ असल्याने बोटांच्या खुणा उमटतात आणि कुठे कुठे ते ओरखडतं. बर्फाच्या पाण्यातली जुनी दोन साधारणपणे सर्वांत स्वच्छ सोलली जातात. बर्फाच्या पाण्यातली ताजी दोन मधल्या कुठल्या तरी ठिकाणी असतात. त्यांच्यात गरम पाण्याच्या सुरुवातीने आणि थंडीने बरीच सुधारणा होते, तरी एखाद्या ठिकाणी पांढरं चिकटून राहू शकतं. अंडं अंडं वेगळं असतं, त्यामुळे एकाच खेपेवरून निष्कर्ष काढू नये, पण हा क्रम साधारण असाच दिसतो. यातून थंड पाण्याची मर्यादाही कळते. ते ताज्या अंड्याचं पांढरं मजबूत करू शकतं, पण पापुद्र्याशी आधीच जुळलेली पकड पूर्ण सोडवू शकत नाही.

सोलण्याची पद्धतही या पापुद्र्याभोवतीच ठरते. अंडं आधी रुंद टोकावर आपटा, कारण तिथे हवेची पोकळी आहे आणि टरफलाच्या मागे लगेच पांढरं नाही. मग ओट्यावर हलक्या हाताने लोळवून सगळीकडे बारीक तडे पाडा. ही तडकलेली अंडी पुन्हा पाच मिनिटं पाण्यात ठेवली तर पाणी तड्यांतून आत शिरतं आणि पापुद्रा आणि पांढरं यांच्यामध्ये घुसतं. मग रुंद टोकापासून, पाण्याखालीच धरून, अंगठ्याच्या पेराने सोला. महत्त्वाचं म्हणजे अंगठा टरफलाखाली नव्हे, पापुद्र्याखाली गेला पाहिजे. पोकळीच्या तळाशी जो ओलसर पांढरा पडदा दिसतो, तो उचलला की बाकीचं त्याच्यामागोमाग येतं.

सोललेली टरफलं पाहिली की काय चुकलं ते कळतं. टरफलाच्या आतल्या बाजूला पांढऱ्याचे तुकडे चिकटलेले असतील, तर पकड घट्ट होती, म्हणजे अंडं ताजं होतं किंवा सावकाश तापलं होतं. पांढरं शाबूत आहे पण टरफल कणाकणाने निघतंय आणि अंड्यावर ओला पडदा राहिलाय, तर पापुद्रा मागे राहिला आहे आणि फक्त टरफल निघालं आहे. अशा वेळी नखाने तो पडदा उचलून नव्याने सुरुवात करावी. आणि पांढरं चिकटत नाही पण बोटाखाली दबून फाटतं आहे, तर ते कमी शिजलं आहे किंवा अजून गरम आहे. मऊ बलक हवा म्हणून सहा-सात मिनिटांतच काढलेल्या अंड्यांत हे नेहमी होतं, त्यांना तर थंड पाण्याची सर्वांत जास्त गरज असते.

पाण्यात खायचा सोडा किंवा व्हिनेगर घालायचा सल्ला बरेच जण देतात. सोड्यामागचा विचार बरोबर आहे, पीएच वाढवायचा. पण दहा-बारा मिनिटांत टरफल आणि दोन पापुद्रे ओलांडून आतल्या पांढऱ्यावर होणारा परिणाम थोडाच असतो. जे काम हवा आठवडाभरात करते, ते सोडा दहा मिनिटांत करील अशी अपेक्षा ठेवू नये. व्हिनेगर टरफलातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं, म्हणून त्यात टरफलावर बुडबुडे येतात. त्याने टरफल जरा कमजोर होतं, पण अडचण टरफलात नव्हतीच. व्हिनेगर किंवा मीठ घातल्याचा एक खरा उपयोग आहे, अंड्याला तडा गेला तर बाहेर येणारं पांढरं लवकर गोठतं आणि पाण्यात तंतू पसरत नाहीत.

जुन्या अंड्याचे तोटेही आहेत. वय वाढलं की पांढरं पातळ होतं, बलकाला मध्यभागी धरून ठेवू शकत नाही, आणि शिजल्यावर बलक एका बाजूला सरकलेला दिसतो. पोकळी मोठी झाल्याने रुंद टोक चपटं होतं. शिवाय पांढरं जास्त अल्कधर्मी झालं की शिजताना त्यातून गंधकाचा वायू जास्त सुटतो, तो बलकातल्या लोहाशी जुळतो आणि बलकाभोवती हिरवट-करडं कडं उमटतं. खायला त्यात धोका नाही, पण दिसायला बरं नाही. इथे थंड पाणी पुन्हा कामी येतं. बाहेरून लवकर थंड केल्याने हा वायू बलकाकडे न जाता टरफलाकडे सरकतो आणि कडं फिकट राहतं. अर्धं कापून ताटात मांडायची अंडी असतील तर मी फार जुनी घेणार नाही. आठवड्याभराचं अंडं सोलायलाही सोपं असतं आणि बलकही बऱ्यापैकी मध्ये राहतो.

शिजलेली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. फ्रिजमध्ये टरफलासकट ती आठवडाभर टिकतात. थंड करायला वापरलेलं पाणी पिण्यायोग्य असावं, कारण अंडं थंड होताना आकसतं आणि तड्यांतून ते पाणी आत ओढलं जातं.

आणि आजच घातलेली अंडीच हाताशी असतील, सोलायला घेतल्यावर पहिलंच अंडं चिकटायला लागलं, तर उरलेली सोलत बसू नयेत. पूर्ण थंड झालेलं अंडं टरफलासकट धारदार सुरीने एका झटक्यात मधोमध कापावं, आणि पातळ कडेचा चमचा टरफलाच्या आतून फिरवून अर्धं अंडं काढून घ्यावं. चमचा पापुद्र्याच्या कडेनेच फिरतो, त्यामुळे पांढऱ्याचा पातळ थर तेवढा टरफलाला राहतो आणि बाकीचं अंडं शाबूत निघतं. टरफलाची एखादी कपची कापलेल्या कडेला लागलेली असते, ती पाण्याने धुऊन टाकावी.